आयोडाइड दोन, तरी घात एक

"सर, समीकरणात आयोडाइडचे दोन आहेत. मग वेगनियमात त्याचा घात एकच का लिहायचा?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. S₂O₈²⁻ + 2I⁻ → 2SO₄²⁻ + I₂ हे समीकरण शेवटी किती खर्च झालं ते सांगतं. वेग मात्र सर्वांत संथ टप्प्यावर ठरतो आणि त्या टप्प्यात एका पर्सल्फेटला एकच आयोडाइड भिडतो. दुसऱ्याची गरज नंतरच्या झटपट टप्प्यात लागते. अर्थात हे मानायचं ते घड्याळाकडे बघून.

फ्लास्कमध्ये 0.20 M पोटॅशियम आयोडाइड 20 मिली, 0.0050 M थायोसल्फेट 10 मिली आणि स्टार्चचे थेंब घ्या. 0.10 M पर्सल्फेट 20 मिली एकदम ओता आणि स्टॉपवॉच सुरू करा. तयार होणारं आयोडीन थायोसल्फेट लगेच गिळतं, म्हणून द्रावण पाण्यासारखं स्वच्छ राहतं. थायोसल्फेट संपलं की क्षणात गडद निळं होतं. समजा 28 सेकंद लागले. 50 मिलीत थायोसल्फेट 0.0010 M होतं आणि एका आयोडीनला दोन थायोसल्फेट लागतात. म्हणून वेग 0.00050 ÷ 28, म्हणजे 1.8 × 10⁻⁵ M प्रति सेकंद. तोवर पर्सल्फेट जेमतेम सव्वा टक्का खर्च झालेलं असतं, म्हणूनच याला सुरुवातीचा वेग म्हणता येतं.

आता आयोडाइड 10 मिली घ्या, बाकी सगळं तेच. वेळ 57 सेकंद आली. log(57/28) ÷ log 2 = 1.03, म्हणजे घात 1. तो 2 असता तर जवळजवळ 112 सेकंद थांबावं लागलं असतं. पर्सल्फेट निम्मं केल्यावरही वेळ दुप्पटच होते. म्हणून वेग = k[S₂O₈²⁻][I⁻], आणि पहिल्या रीडिंगवरून k = 1.8 × 10⁻⁵ ÷ (0.040 × 0.080), म्हणजे सुमारे 5.6 × 10⁻³ L mol⁻¹ s⁻¹.

बहुतेकांची गडबड होते ती कमी केलेल्या 10 मिलीच्या जागी काय घालायचं यात. नुसतं पाणी घातलं तर आयनांची दाटी घटते. दोन्ही आयन ऋण असल्याने एकमेकांना जास्त जाणवून दूर सारतात आणि वेग आणखी मंदावतो. मग 57 ऐवजी 63 च्या आसपास सेकंद लागतात आणि घात 1.17 येतो. पोरं तो गुपचूप 1 करून टाकतात, पण चूक कुठे झाली ते कळत नाही. आयोडाइडच्या जागी 0.20 M पोटॅशियम क्लोराइड आणि पर्सल्फेटच्या जागी 0.10 M पोटॅशियम सल्फेट घाला.

मुंबईच्या दमट हवेत उघडी राहिलेली पर्सल्फेटची बाटली थोडी उतरलेली असते. सगळी रीडिंग तिच्यातूनच घेतलीत तर घात बिघडत नाही, फक्त k खोटा येतो. तापमानाचं तसं नाही. पहिलं रीडिंग सकाळी आणि दुसरं दुपारी तीन अंश जास्त तापमानाला घेतलंत, तर वेग वीस टक्क्यांहून जास्त वाढतो आणि तो फरक थेट घातात उतरतो. त्यामुळे सगळ्या बाटल्या एकाच पाण्याच्या टबात ठेवा आणि सगळी रीडिंग लागोपाठ घ्या.