पान चौदा, ओळ सात

क्षेत्रकार्याच्या हस्तलिखित वह्या टंकून त्यांच्या नोंदी पाडायचं काम मी करतो. संशोधक जागेवर बसून घाईघाईने जे खरडतात त्याचे तीन प्रकार करायचे: डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं ते निरीक्षण, त्यावरून लावला तो अर्थ, आणि लिहिणाऱ्याच्या मनात जे झालं ते स्वगत. एका दिवशी एकाच पानाने माझी अख्खी दुपार खाल्ली, त्याची ही हकीकत.

वही ज्या मॅडमची होती त्या एका मोठ्या रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीसमोर लोक वाट कशी बघतात याचा अभ्यास करत होत्या. त्यांचा मसुदा जवळजवळ तयार होता. त्यातलं मुख्य विधान असं, की खिडकीतल्या कारकून बाई लोकांकडे मुद्दाम दुर्लक्ष करतात आणि रांगेला वठणीवर ठेवायची ती त्यांची पद्धत आहे. याला आधार देणाऱ्या नोंदी वह्यांमधून काढून हव्या होत्या.

माझी पहिली फेरी फक्त उतरवून घेण्याची असते. पान स्कॅन करायचं, पानांना आणि ओळींना क्रमांक द्यायचे, मग आहे तसं टंकायचं. खाडाखोड, बाण, अर्धवट शब्द, सगळं. वाचता आलं नाही तिथे चौकटी कंसात ‘अवाच्य’. शुद्धलेखनालाही हात लावायचा नाही. टंकता टंकताच प्रकार ठरवायला गेलं, की आपल्याला जे वाचावंसं वाटतं तेच वाचलं जातं. म्हणून या दोन फेऱ्या मी कधी एकत्र करत नाही.

पान चौदा, ओळ सात अशी होती:

“हिरव्या स्वेटरवाल्या आजी चिडून खिडकीशी गेल्या. हिने नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं. ‘ही कधीच ऐकत नाही.’ फार वाईट वाटलं.”

वाचायला सरळ. तोडायला घेतली तेव्हा, अवतरणातलं वाक्य सोडून, निरीक्षणाच्या रकान्यात उरलं एवढंच: आजी खिडकीशी गेल्या. ‘चिडून’ हा अर्थ. कशावरून चिडल्या? आवाज चढला होता का, पावलं भरभर पडत होती का, यातलं काहीच लिहिलेलं नाही. ‘दुर्लक्ष’ हाही अर्थच. मान वर न करणं दिसतं, दुर्लक्ष करणं दिसत नाही. ‘फार वाईट वाटलं’ हे उघड स्वगत.

‘नेहमीप्रमाणे’ मात्र भिंगाखाली धरावं लागलं. सगळी ओळ पेन्सिलीत होती आणि हा एकच शब्द निळ्या शाईत, काकपदाची खूण करून वर घुसवलेला. म्हणजे तो त्या जागेवर बसून लिहिलेलाच नव्हता. आमच्या तक्त्यात ‘केव्हा घडलं’ आणि ‘केव्हा लिहिलं’ असे दोन वेगळे रकाने असतात ते यासाठीच. या शब्दाला स्वतंत्र नोंद मिळाली: प्रकार अर्थ, लिहिल्याची वेळ ‘नंतर, तारीख नाही’.

अवतरणातल्या वाक्याचा पेच वेगळा. मॅडमनी वहीच्या पहिल्या पानावर खूणगाठ लिहून ठेवली होती (हे फार थोडे लोक करतात): दुहेरी अवतरण म्हणजे शब्दशः, एकेरी म्हणजे आशय. इथे एकेरी होतं. तेव्हा कोणीतरी अशा अर्थाचं काही बोललं, हे निरीक्षण. त्यात टीका आहे, पण ती बोलणाऱ्याची, संशोधकाची नव्हे. तिला संशोधकाने लावलेल्या अर्थाच्या रकान्यात टाकलं तर दोघांची मतं एक होऊन बसतात. कोण बोललं हे लिहिलेलंच नव्हतं.

मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, “आजीच बोलल्या असणार. आणि हो, त्यांनी हातातली चिठ्ठी काचेवर दोनदा आपटली होती, मला चांगलं आठवतंय. घाला की तिथेच.”

तिथे घालता येत नाही. आठवण खोटी आहे असं नाही, पण ती मसुदा जवळजवळ तयार झाल्यावरची आहे. मी तिची वेगळी नोंद केली: निरीक्षण, स्रोत आठवण, आजची तारीख, पान चौदा ओळ सातशी जोडलेली. बोलणारी व्यक्ती ‘अनिश्चित’. मॅडमना ते फारसं पटलं नाही.

मग आधाराचा रकाना. अर्थाच्या प्रत्येक नोंदीसमोर तो ज्या निरीक्षणांवर उभा आहे त्यांचे क्रमांक लिहायचे. ‘दुर्लक्ष’ शोधून बघितलं तर शब्द वहीभर होता, पण बहुतेक ठिकाणी आधार रिकामा, आणि काही ठिकाणी आधार म्हणून दुसरा अर्थच. घट्ट निरीक्षणं मोजकी: “मान वर केली नाही”, “टाइप करत राहिली”.

त्यानंतर निरीक्षणं तेवढी घेऊन जागेप्रमाणे लावली. खिडकीच्या गटात पान तीनवरची एक नोंद वर आली. पहिल्या दिवशी जागेचं वर्णन करताना लिहिलेली, पुढे कुठेही न वापरलेली: “काचेला बोलायचं भोक. त्यावर सूचनेचा कागद चिकटवलेला.”

मॅडमना वाचून दाखवलं. “म्हणजे तिला ऐकूच जात नसेल?”

हाही अर्थच, म्हटलं, पण याला आधार आहे आणि तो तपासता येईल. पुढच्या भेटीत त्या स्वतः खिडकीशी उभ्या राहिल्या. कागद जागेवरच होता. साध्या आवाजात बोललेलं आत पोचत नव्हतं. वाकून कागद सरकवायच्या फटीतून बोललं, की उत्तर मिळत होतं. तरी दुर्लक्षाची गोष्ट निकालात निघाली नाही. बाजूच्या दारातून ओळखीने आत येणाऱ्यांचं काम कारकून बाई हातातलं सोडून करत होत्या, हेही त्याच भेटीत दिसलं. विधान मोडलं नाही, आखडलं: काचेपुढच्यांचं पोचत नाही, दारातून येणाऱ्यांचं पोचतं.

स्वगतावरून आमचं जुंपलं ते वेगळंच. त्याच पानाच्या तळाला होतं, “डोकं दुखतंय, बाकावरच बसून आहे.” मॅडमना ते गाळायचं होतं. पण बाक मागे होता, तिथून खिडकीतला चेहरा दिसतो, बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवसाच्या नोंदींत बोलणं एवढं कमी का, याचं कारण तिथे होतं. शॅट्झमन आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये क्षेत्रकार्यातल्या टिपणांचे प्रकार पाडले तेव्हा पद्धतीविषयीच्या टिपणांना स्वतंत्र जागा दिली होती. आमच्या तक्त्यात ती नव्हती. शेवटी मी वाक्य तोडलं: बाकावर बसणं निरीक्षणाच्या ‘निरीक्षकाची जागा’ या उपरकान्यात, डोकेदुखी स्वगतात. स्वगतं वेगळ्या फाइलमध्ये, त्याच क्रमांकांनी, उघडायची परवानगी फक्त त्यांना. यावर मात्र त्या लगेच राजी झाल्या.

एक ओळ अजून लोंबकळते आहे. “आज रांग नीट नव्हती.” मॅडम म्हणतात, हे डोळ्यांनी दिसतं, निरीक्षणच आहे. माझं म्हणणं, नीट म्हणजे कशी हे वहीत कुठेच सांगितलेलं नाही. तक्त्यात सध्या तिच्यासमोर प्रकार ‘मिश्र’ आहे, आणि शेऱ्यात आम्हा दोघांचीही मतं.