"फक्त फॉरमॅटिंग केलंय" म्हणून आलेला डेव्हलपमेंट अ‍ॅग्रीमेंटचा पाचवा ड्राफ्ट

आमची सोसायटी ठाण्यात पाचपाखाडीला, चोवीस घरं, रिडेव्हलपमेंटला निघालेली. मी खजिनदार. बिल्डर निवडणं, जनरल बॉडी, चौथ्या ड्राफ्टपर्यंतच्या वाटाघाटी हे सगळं झालं त्यात सांगण्यासारखं काही नाही, वेळ गेला पण झालं. मला लिहायचंय ते पाचव्या ड्राफ्टबद्दल, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही.

चौथ्या ड्राफ्टवर आमच्या वकील मॅडमनी हो म्हटलं होतं. त्यानंतर बिल्डरच्या ऑफिसकडून पाचवा आला आणि सोबत एक ओळ, की नंबरिंग आणि फॉरमॅटिंग नीट केलंय, अटींमध्ये काही बदल नाही, सही करायला घ्या. आला तो पण स्कॅन केलेला पीडीएफ, वाकडी पानं, ९४ पानं. वर्डची फाइल मागितली तर नऊ दिवस उत्तर नाही, फोन केला की "साहेब साइटवर आहेत". शेवटी सेक्रेटरी काका स्वतः ऑफिसात जाऊन बसले तेव्हा पेन ड्राइव्हवर मिळाली. हे आधी सांगते कारण स्कॅनवरून तुलना करू नका, स्कॅनमधून अक्षरं काढली की ३६ चं ८६ होतं आणि मग खरा बदल कुठला आणि मशीनची चूक कुठली हे कळत नाही. सही करायच्या आधी वर्डची फाइल मागणं हा आपला हक्क आहे असं समजूनच मागा.

वर्डमध्ये Review मध्ये Compare आहे, जुनी फाइल एकीकडे नवी दुसरीकडे. पहिल्यांदा चालवलं तर साडेसहाशेच्या आसपास बदल दाखवले, पान उघडलं की लालच लाल. आमच्या कमिटीतल्या एका दादांनी तिथेच म्हटलं की अगं एवढं कोण वाचणार, ते म्हणतायत ना फॉरमॅटिंग आहे. आणि मला वाटतं नेमकं हेच होत असतं सगळीकडे.

आवाज कमी करायला दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे जुन्या ड्राफ्टमध्ये बिल्डरला "डेव्हलपर" म्हटलं होतं, नव्यात सगळीकडे "प्रमोटर". मी जुन्या फाइलची कॉपी काढून तिच्यात आधीच ते नाव बदलून टाकलं आणि मग तुलना केली, नुसत्या त्यानेच दोनशेच्या वर लाल खुणा गेल्या. (नाव बदललं हा एक बदल म्हणून वहीत लिहून ठेवला आणि मॅडमना त्याचा परिणाम विचारला, ते सोडायचं नाही.) दुसरं म्हणजे Compare च्या खिडकीत More वर क्लिक केलं की खाली टिकमार्क येतात, त्यातलं Formatting आणि White space काढून टाकलं. पण Case changes चा टिकमार्क तसाच ठेवा, तो काढायचा मोह होईल, काढू नका. इंग्रजी करारात मोठ्या अक्षराने सुरू होणारा शब्द म्हणजे व्याख्येतला शब्द, छोट्या अक्षराचा म्हणजे रोजच्या अर्थाचा. आमच्याकडे एका ठिकाणी ताब्याचा शब्द छोट्या अक्षरावरून मोठ्यावर गेला होता, नुसतं एक अक्षर, आणि तिथून पुढची सगळी भानगड सुरू होते.

भानगड अशी. आमच्या भाड्याच्या क्लॉजमध्ये काहीही बदललं नव्हतं, फक्त ते एक अक्षर. "ताब्याच्या तारखेपर्यंत बिल्डर दरमहा भाडं देईल." मुदतीचा क्लॉज तर शब्दशः तोच. "सुरुवातीच्या तारखेपासून ३६ महिन्यांत काम पूर्ण करेल." वाचून मी पुढे गेले. दोन दिवस पुढेच गेले खरं तर.

अडकले ते व्याख्यांच्या पानांवर. जुन्या ड्राफ्टमध्ये ३१ व्याख्या जशा सुचतील तशा लिहिलेल्या होत्या, नव्यात त्या एबीसीडीच्या क्रमाने लावल्या. दिसायला छानच. पण वर्डला एवढी उलथापालथ झाली की ती उचलून हलवलेली आहे हे कळत नाही, ते जुन्या जागी पूर्ण परिच्छेद खोडलेला दाखवतं आणि नव्या जागी पूर्ण परिच्छेद नवा घातलेला. म्हणजे सात पानं सलग लाल. आतला एखादा शब्द बदलला असेल तर तो दिसायचा काही मार्गच नाही, कारण सगळंच बदललेलं दिसतंय. मी आधी डोळ्यांनी जुळवायचा प्रयत्न केला, रात्री अकराला जेवणं उरकल्यावर एका हातात जुनी प्रिंट एका हातात नवी, आणि तिसऱ्या रात्री लक्षात आलं की मी दहावी व्याख्या दोनदा तपासलीय आणि बारावी एकदाही नाही.

मग सरळ केलं. जुन्या ड्राफ्टमधल्या ३१ व्याख्या वेगळ्या फाइलमध्ये घेतल्या, एकेक व्याख्या एका परिच्छेदात, पुढचे नंबर काढून टाकले, सगळं सिलेक्ट करून Sort केलं. नव्या ड्राफ्टचंही तसंच. आता दोन्ही एकाच क्रमात. परत Compare. एवढं करायला वीस मिनिटं लागली आणि त्यात २७ व्याख्या अगदी कोऱ्या निघाल्या, चारच लाल. तीन रात्री घालवल्या त्याचं वाईट वाटलं पण त्या चार ओळी बघून अंगातून जे गेलं ते वेगळंच.

पहिली, "सुरुवातीची तारीख". आधी होतं की शेवटच्या सभासदाने घर रिकामं करून दिलं ती तारीख. आता झालं पूर्ण बांधकामाची सीसी मिळाल्याची तारीख. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायचं प्रमाणपत्र, आणि ते बहुतेक वेळा तुकड्यांमध्ये येतं, आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांसाठी. पूर्ण इमारतीची सीसी यायला वर्ष लागलं तर ते वर्ष आमच्या ३६ महिन्यांत मोजलंच जाणार नाही. आणि उशिराचा दंडही त्याच ३६ महिन्यांवर बांधलेला, म्हणजे तोही तेवढाच पुढे.

दुसरी, "ताब्याची तारीख". आधी ओसी, म्हणजे इमारतीत राहायला जायचं प्रमाणपत्र, मिळून प्रत्यक्ष किल्ली हातात दिल्याची तारीख. आता, घर आतल्या कामासाठी तयार आहे अशी नोटीस बिल्डरने पाठवली ती तारीख. ओसी नाही, पाणी जोडलेलं नाही, तरी भाडं बंद. आमचं भाडं ठरलं होतं महिना २८ हजार. नोटीस आणि ओसी यांच्यात चार महिने गेले असं धरलं तर एका घराचे १ लाख १२ हजार, चोवीस घरांचे २६ लाख ८८ हजार. मी हा आकडा मीटिंगमध्ये फळ्यावर लिहिला तेव्हा "एवढं कोण वाचणार" वाले दादा पण उठून पुढे येऊन बसले.

तिसरी कार्पेट एरियाची. आधी भिंतीपासून भिंतीपर्यंत, आतल्या भिंती सोडून. आता "रेरा कायद्याप्रमाणे". ऐकायला एकदम सुरक्षित वाटतं, पण २०१६ च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येत घरातल्या खोल्यांमधल्या भिंतींची जागा कार्पेटमध्ये धरली जाते. म्हणजे आकडा तोच राहून वापरायची जागा कमी. उलट त्याच व्याख्येत बाल्कनी मोजत नाहीत, त्यामुळे बाल्कनी वेगळी मिळणार का हेही विचारायला पाहिजे. हा बदल वाईटच आहे असं मी म्हणणार नाही, पण तो बदल आहे. चौथी व्याख्या हाताबाहेरच्या कारणांची, म्हणजे ज्यांच्यामुळे झालेला उशीर बिल्डरला माफ असतो, त्यात पूर, भूकंप, युद्ध यांच्या जोडीला "मंजुरी मिळण्यास विलंब" आणि "मालाचा तुटवडा" येऊन बसले होते.

व्याख्या बदलली की तिथेच थांबायचं नाही. तो शब्द घेऊन Ctrl+F ने अख्खा ड्राफ्ट शोधायचा आणि जिथे जिथे सापडेल त्या प्रत्येक क्लॉजच्या पुढे लिहायचं की इथे आता काय बदललं. ताब्याची तारीख आम्हाला सहा क्लॉजमध्ये सापडली. त्यातल्या पाचांमध्ये एकही लाल खूण नव्हती.

आत्ता आठवलं, नंबरांचंही असंच. करारात आपोआप पडणारे नंबर असतात, आणि "क्लॉज ११.३ प्रमाणे" हे मात्र बऱ्याचदा हाताने टाइप केलेलं असतं. नव्या ड्राफ्टमध्ये अकराव्या भागात सुरुवातीला एक नवा क्लॉज घुसला. जुना ११.३ बँक गॅरंटीचा होता, तो झाला ११.४. दंडाच्या क्लॉजमध्ये मात्र अजून ११.३ च लिहिलेलं, आणि नवा ११.३ कुठला तर राडारोडा उचलण्याचा. शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयात प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी घ्यायला सांगितलंय, आमच्या करारात ती होतीही, पण ती वटवायचा रस्ता राडारोड्याकडे जात होता. Compare ला यात काही दिसत नाही कारण टाइप केलेले आकडे बदललेच नाहीत. यासाठी भाच्याने एक उपाय दिला, दोन्ही फाइलच्या कॉपी काढायच्या, त्यात Alt+F11, मग Ctrl+G, आणि खाली हे टाइप करून एंटर:

```
ActiveDocument.ConvertNumbersToText
```

यानं आपोआप पडलेले नंबर साध्या अक्षरांत बदलतात आणि मग तुलनेत ते पण दिसतात. मूळ फाइलवर करू नका.

तक्ता मी साधाच केला. जुना क्लॉज, नवा क्लॉज, आणि मग चार प्रश्न: कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत किंवा कुठल्या अटीवर, नाही केलं तर काय. चारही उत्तरं दोन्ही ड्राफ्टमध्ये सारखी आली तर ते फॉरमॅटिंग, वाक्य कितीही बदललेलं असो. एक जरी वेगळं आलं तर तक्त्यात ओळ. "करेल" चं "करण्याचा प्रयत्न करेल" झालं की दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदलतं, आणि आमच्याकडे ते लिफ्टच्या बाबतीत झालं होतं. साडेसहाशेतून शेवटी ११ ओळी उरल्या. मॅडम म्हणाल्या एवढं पुरे, आता कायद्याचा अर्थ मी बघते, आणि त्यांनी त्यातल्या दोन आमच्या फायद्याच्या आहेत म्हणून राहू दिल्या, त्या मला कळल्या नसत्या.

मीटिंगमध्ये बिल्डरच्या माणसाने आधी "टायपिस्टची चूक" म्हटलं. काकांनी शांतपणे तक्ता पुढे सरकवला आणि एकेक ओळ वाचायला सांगितली. सात बदल तिथेच मागे घेतले. कार्पेटवर घासाघीस झाली, शेवटी आतल्या भिंती सोडून वापरायची जागा किती ते चौरस फुटात वेगळं लिहून घेतलं. मालाचा तुटवडा गेला, मंजुरीचा विलंब राहिला पण जास्तीत जास्त तीन महिने असं बांधून.

सहावा ड्राफ्ट वर्डमध्येच आला, मागावा लागला नाही. एका संध्याकाळीत तपासून झाला. एकच ओळ निघाली, तीन महिन्यांच्या पुढचे "जास्तीत जास्त" हे शब्द गळाले होते. ते परत घालून घेतले आणि मगच काकांना सांगितलं की आता जनरल बॉडीची तारीख लावा.