अ‍ॅपचा आराखडा आणि पांडवलेणीच्या पायऱ्या

आज गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर मेहुण्यांनी अ‍ॅपने तयार केलेला आठवड्याचा व्यायामाचा आराखडा दाखवला आणि तो ‘खास माझ्यासाठी’ असल्याचे कौतुकाने सांगितले. वय, वजन, उद्दिष्ट, घरातले डंबेल्स आणि मोकळे दिवस एवढे अ‍ॅपने विचारले होते, आणि तेवढ्यापुरता तो खरोखरच त्यांचा होता. मात्र दर रविवारी ते पांडवलेणी चढतात आणि उतरताना त्यांचा उजवा गुडघा दुखतो, हे नोंदवायला त्यात जागाच नव्हती. परिणामी मांड्या आधीच भरून आलेल्या असताना, सोमवारीच उड्या मारत करायचे लंजेस पुढ्यात आले होते.

आम्ही आराखडा टाकून दिला नाही. पायांचा व्यायाम बुधवारी नेला आणि उड्यांच्या जागी खुर्चीवर टेकून उठण्याचे स्क्वॉट्स, 10 चे तीन सेट, ठेवले. सेट संपल्यावरही आणखी दोन नीट जमतील, इतकाच जोर लावायचा.

‘पूर्ण’ अशी खूण केली की हे अ‍ॅप पुढच्या आठवड्यात उचलायचे वजन वाढवते. ती खूण सहज झाली की कण्हत, हे त्याला कळत नाही (आणि मेहुणे खूण चुकवणारे नव्हेत). म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा नेहमीपेक्षा जास्त दुखला तर एक सेट कमी करायचा, आणि सलग दोन आठवडे तसा दुखला नाही तरच वजन वाढवायचे. सूज आली किंवा गुडघा अडकू लागला, तर फेरफार करत न बसता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवायचे, असे ठरले.