कंपनीतल्या दंततपासणी शिबिराचा प्रस्ताव : माझा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळ माझा आणि माझ्या नवऱ्याचा दातांचा दवाखाना आहे. संध्याकाळी येणाऱ्यांत कारखान्यांतले कामगार पुष्कळ, आणि बहुतेक जण दाढ ठणकायला लागल्यावरच येतात. तोवर कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलेली असते. आधी आले असते तर साध्या फिलिंगवर भागलं असतं, तिथे रूट कॅनाल करावं लागतं. त्यामुळे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या एचआर मॅडम फोनवर म्हणाल्या, "शिबिराचा प्रस्ताव मेल करा, वेळापत्रक आणि खर्चासकट," तेव्हा मी त्यांना आधी काही प्रश्न विचारून घेतले. माणसं किती, पाळ्या कोणत्या, कँटीनची वेळ काय, आणि वॉश बेसिनजवळ एखादी खोली मिळेल का. 180 माणसं होती. पहिली पाळी 7 ते 3 ची, दुसरी 3 ते 11 ची, आणि ऑफिसची जनरल शिफ्ट. पहिली आणि जनरल मिळून 120, दुसरीत 60.

वेळापत्रक मांडताना डॉक्टर किती हा प्रश्न दुसरा येतो. पहिला प्रश्न उपकरणांचा. प्रत्येक माणसाला स्वतंत्र निर्जंतुक संच लागतो : तोंडात बघायचा आरसा, प्रोब आणि चिमटा. शिबिराच्या जागी उपकरणं नुसती औषधाच्या पाण्यात बुडवून पुढच्या माणसाला वापरणं मला मान्य नाही; त्याने निर्जंतुकीकरण होत नाही. आमच्याकडे पाकीटबंद 65 संच आहेत. रात्री आमच्या छोट्या ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंशांवर चार फेऱ्या लावल्या की सकाळी ते तयार असतात. पाच संच राखीव, कारण काहीतरी खाली पडतंच. म्हणून दिवसाला 60 माणसं, आणि 180 साठी तीन दिवस. हे गणित मी मेलमध्ये तसंच लिहिलं, कारण "एकाच दिवसात उरका" असा आग्रह कंपनीकडून होणार हे उघड होतं.

एका तपासणीला नोंदीसकट सहा मिनिटं लागतात. कागदावर तासाला दहा माणसं बसतात. पण कोणी मास्क काढून चूळ भरून येतो, कोणी प्रश्न विचारतो, त्यामुळे मी आठच धरते. दोन डॉक्टर म्हणजे तासाला सोळा. दुपारी साडेबारा ते तीन या वेळात पहिल्या पाळीचे आणि जनरलचे 40, सव्वातीन ते साडेचार दुसऱ्या पाळीचे 20. साडेबाराची वेळ मुद्दाम घेतली, कारण तोवर कँटीन आटोपलेलं असतं; जेवण मध्येच येऊन रांग मोडत नाही.

उत्पादन विभागाला मात्र आपल्या लाइनवरून एका वेळी किती माणसं उठणार एवढंच कळायला हवं असतं. म्हणून मेलमधला हा परिच्छेद मी त्यांच्यासाठी लिहिला :

"दर अर्ध्या तासाला आठ कर्मचारी पाठवावेत. एका विभागातून एका वेळी दोनपेक्षा जास्त नकोत. जाण्यायेण्यासह एक कर्मचारी साधारण वीस मिनिटं जागेवर नसेल. येण्यापूर्वी चूळ भरून यावं. रक्त पातळ होण्याची गोळी, मधुमेह किंवा गरोदरपण असल्यास डॉक्टरांना सांगावं."

मेल मराठीत लिहिला, कारण यातलाच मजकूर फलकावर लागणार होता.

खर्च मी दोन भागांत दिला. दोन डॉक्टर, दोन सहायक, फोल्डिंग खुर्च्या, दिवे आणि वाहतूक यांचे दिवसाला 6,000 रुपये. तीन दिवसांचे 18,000. त्यावर माणशी 60 रुपये, म्हणजे ग्लोव्हज, मास्क, ग्लास, निर्जंतुकीकरण आणि छापील अहवाल. 180 माणसांचे 10,800. एकूण 28,800, म्हणजे माणशी 160. बिल प्रत्यक्ष आलेल्या माणसांवर होईल असंही लिहिलं. 140 च आले तर 26,400 होतात. रक्कम फार उतरत नाही, कारण आमचे तीन दिवस जातातच. हे आधी लिहिलेलं असलं की शेवटी बिलावरून बोलणं वाढत नाही.

खरेदी विभागाचा प्रश्न अपेक्षितच होता : "दुसरे लोक फुकट करतात, तुम्ही पैसे कसले घेता?" मी उत्तर लिहिलं की फुकट शिबिराचा खर्च नंतरच्या उपचारांतून भरून काढण्याचा मोह होतो, आणि मग तपासणाऱ्याला ज्याच्या त्याच्या तोंडात काम दिसू लागतं. आमचं शिबिर तपासणीपुरतंच राहील. कूपन नाही, सवलतीची पत्रकं नाहीत. कागदावर "फिलिंगची गरज" असं लिहिलं असेल तर माणसाने ते कुठेही करून घ्यावं. दंत परिषदेची आचारसंहिताही रुग्ण ओढण्याच्या प्रकारांच्या विरोधात आहे. त्यांनी जीएसटी क्रमांकही मागितला. दातांची तपासणी आरोग्यसेवेत मोडते, तिच्यावर जीएसटी नाही, हे आमच्या नोंदणी क्रमांकांसह कळवलं.

"सोबत दात साफ करून द्याल का?" असंही विचारलं गेलं. ते मी नाकारलं. स्केलिंगमध्ये तोंडातल्या पाण्याचे तुषार उडतात, सक्शन लागतं. कॉन्फरन्स रूममध्ये ते करू नये. मेलमध्ये तपासणीची मर्यादाही स्पष्ट लिहिली : एक्स-रे नसल्यामुळे दोन दातांच्या फटीत लपलेली कीड सुटू शकते, त्यामुळे "कीड दिसली नाही" याचा अर्थ कीड नाहीच असा घेऊ नये. कचऱ्याबद्दल एक ओळ होती. वापरलेला कापूस पिवळ्या पिशवीत, ग्लोव्हज लाल पिशवीत, आणि दोन्ही आम्ही दवाखान्यात परत नेणार. कंपनीच्या कचरापेटीत काही टाकणार नाही.

सर्वांत जास्त लिहिणं-बोलणं झालं ते तंबाखूवरून. आपल्याकडे गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी सुपारी, तंबाखू, मिश्री तोंडात दिसतेच. शिबिरात आम्ही प्रत्येकाला तोंड पूर्ण उघडायला सांगतो. स्वतःची तीन बोटं उभी आत जायला हवीत. जात नसतील, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि ताठ लागत असेल, तर सबम्युकस फायब्रोसिसची शंका येते. त्याचं पुढे कर्करोगात रूपांतर होऊ शकतं. पुसून न जाणारा पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल तर तुकडा तपासायला पाठवावं लागतं. एचआर मॅडमनी विचारलं, "तंबाखू खाणाऱ्यांची यादी देऊ शकाल का? शॉप फ्लोअरवर मनाई आहे." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण अशी यादी जाणार हे कळलं की तोंड दाखवायला येतील ते तंबाखू न खाणारेच, आणि ज्याला खरी गरज आहे तो त्या दिवशी रजा टाकेल. मी लिहिलं : "वैयक्तिक अहवाल बंद पाकिटात फक्त कर्मचाऱ्याच्या हातात दिला जाईल. कंपनीला नावांशिवाय एकूण आकडे मिळतील." हे वाक्य फलकावरही जसंच्या तसं लावावं अशी अट घातली. मॅडमनी ती मान्य केली.

उत्पादन प्रमुखांनी एकच बदल मागितला. दुसरी पाळी सुरू होताना मशीनची सेटिंग असते, सव्वातीनला माणसं सुटणार नाहीत. ती वेळ चार ते सव्वापाच केली. मधल्या तासात नोंदी पूर्ण करता येतात आणि सहाला दवाखानाही उघडता येतो. मग वेंडर कोड आला, परचेस ऑर्डर आली आणि गेटपाससाठी आमच्या चौघांची नावं गेली.

ऑर्डर आल्यावर अहवालाच्या नमुन्यात मी एक सुधारणा पाठवली. आकडे विभागवार हवे होते, पण टूलरूममध्ये सहाच माणसं होती. "टूलरूम : संशयास्पद चट्टा 1" असं छापलं तर तो कोण हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. म्हणून दहापेक्षा कमी माणसांचे विभाग एकत्र करून "इतर" या रकान्यात धरले.