अल्बुकर्कीचा बॉक्स: इंजिन नसलेला फुगा माघारी कसा येतो

सांता फे सुंदर आहे, व्हाइट सँड्सची पांढरी वाळू त्याहून सुंदर आहे. दोन्हींवर ढीगभर लिहून झालंय, म्हणून मी थेट अल्बुकर्कीच्या मैदानावर येतो. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या या शहरात ऑक्टोबरच्या सुरुवातीला बलून फिएस्टा, म्हणजे माणसं घेऊन उडणाऱ्या गरम हवेच्या फुग्यांचा मेळा भरतो. १९७२ मध्ये एका मॉलच्या पार्किंगमधून १३ फुगे उडाले होते, आता पाचशेच्या वर येतात. भल्या पहाटे गाड्यांची न हलणारी रांग, बोटं बधिर करणारी थंडी आणि पाण्यासारखी कॉफी, हे सगळं सोसावं लागतं. पण इथे प्रेक्षकाला दोरीमागे कोंडत नाहीत. फुगे भरले जात असताना त्यांच्यामधून खुशाल हिंडता येतं, पायलटला प्रश्न विचारता येतात.

आणि प्रश्न पडतोच. फुगा वारा नेईल तिकडे जातो असं जो तो सांगतो. मग इथले काही फुगे तासाभराने निघाल्या मैदानावरच उतरतात ते कसे?

आधी तो उठतो कसा ते पाहू. कापड जमिनीवर पसरतात, तोंडाशी पेट्रोलवर चालणारा मोठा पंखा लावतात आणि आत साधी थंड हवा भरतात. शेंड्याला बांधलेला लांब दोर एकजण मागे रेलून ताणून धरतो, नाहीतर फुगा अर्धवट भरलेला असतानाच डोलायला लागतो. मग आडव्या टोपलीतला बर्नर पेटवून ज्वाला तोंडातून आत सोडतात. इथे घाई केली किंवा वाऱ्याने तोंड मिटलं, तर खालचं कापड भाजतं. म्हणून तोंडाजवळचा पट्टा आग सोसणाऱ्या वेगळ्या कापडाचा असतो.

वर उचलण्याचं काम ज्वालेचा जोर करत नाही, वजनातला फरक करतो. साधारण तीन हजार घनमीटरचा, चार माणसांचा फुगा घ्या. हे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १५२५ मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच आहे, त्यामुळे हवा मुळातच विरळ. बाहेर ५ अंश असताना एक घनमीटर हवेचं वजन १.०६ किलोच्या आसपास भरतं, तीच हवा ९० अंशांवर नेली की ०.८१ किलो. फरक पाव किलोचा, पण तीन हजार घनमीटरला तो साडेसातशे किलोंच्या जवळ जातो. कापड, टोपली, बर्नर, भरलेले प्रोपेनचे सिलिंडर यांचे पावणेचारशे-चारशे किलो वजा केले की उरतात त्यात चार माणसं आणि थोडी राखीव ताकद.

आता हेच उड्डाण दुपारी २५ अंशांत करून बघा. तेवढंच वजन उचलायला आतली हवा सव्वाशे अंशांपर्यंत तापवावी लागेल, आणि नायलॉनची सहनशक्ती तिथेच संपते. शेंड्याजवळच्या कापडाचं तापमान पायलटला समोर दिसत असतं. शिवाय वर एक छोटं निशाण वितळणाऱ्या जोडाने टांगलेलं असतं. ते टोपलीत पडलं की कापड मर्यादेपलीकडे तापलं असं समजून खाली उतरायचं. तेव्हा पहाटे उठवतात म्हणून कुरकुरू नये. मी कुरकुरलो, ते सोडा.

पायलटच्या हातात खरं तर दोनच गोष्टी असतात. बर्नरची झडप उघडली की वर. लाल दोर ओढला की शेंड्याचं गोल झाकण खाली सरकतं, गरम हवा निसटते आणि फुगा खाली येतो. काही फुग्यांना बाजूला फटी असतात, पण त्यांनी फुगा फक्त स्वतःभोवती फिरतो, उतरताना टोपलीची लांब बाजू पुढे यावी म्हणून. दिशा मिळते ती उंची बदलूनच, कारण वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहत असतो.

अल्बुकर्कीत हे फारच सोयीचं जमून येतं. रिओ ग्रांदे नदीचं खोरं उत्तर-दक्षिण, पूर्वेला सांदिया डोंगर. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, आणि नदीच्या उताराने दक्षिणेकडे ओघळते. तिच्या वर काहीशे मीटरवर वारा बरेचदा उलटा, दक्षिणेकडून उत्तरेला जाणारा. याला इथे ‘बॉक्स’ म्हणतात. पायलट आधी हेलियमचा छोटा फुगा सोडतात आणि तो कुठे वळतो ते नजरेने टिपतात. उजाडण्याआधी उडालेले मोजके फुगेही सगळ्यांना वरचा वारा दाखवतात. मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कपड्यातला माणूस वरची जागा मोकळी आहे ना हे पाहतो आणि शिट्टी फुंकून फुगा सोडतो.

फुगा निघतो आणि खालच्या थरात राहून सावकाश दक्षिणेला सरकतो. टोपलीत वारा अजिबात लागत नाही, कारण आपण त्याच्याच वेगाने चाललेले असतो. पुरेसं अंतर गेलं की पायलट बर्नर लावून चढतो. थर बदलताना अचानक गालावर वारा लागतो आणि कापडाला खळगा पडतो. हीच नाजूक वेळ. गरम हवा बाहेर ढकलली गेली तर फुगा बसतो, म्हणून पायलट आधीच जास्त उष्णता देऊन ठेवतो. वरच्या थरात तो उत्तरेला जातो, मैदान ओलांडून थोडा पुढे. तिथे आतली हवा निवू द्यायची, लागला तर दोर थोडा थोडा ओढायचा, खालच्या थरात उतरायचं, आणि तोच थंड वारा त्याला परत मैदानावर आणतो. पूर्व-पश्चिम थोडं सरकायचं असेल, तर दोन थरांच्या मधल्या वळत्या वाऱ्यात काही वेळ थांबतात.

ऐकायला सोपं वाटतं, पण आतल्या हवेसकट हा सगळा प्रकार तीन टनांच्या आसपास भरतो. बर्नर लावल्यावर फुगा हलायला कित्येक सेकंद जातात, आणि एकदा हलला की थांबायलाही तितकेच. नवखा पायलट फुगा हलत नाही म्हणून आणखी गॅस देतो, मग भलताच वर जातो, घाबरून दोर ओढतो आणि तेवढाच खाली येतो. मुरलेला पायलट फुगा खाली यायला लागण्याआधीच आखूड फुंकर मारतो. जमिनीवरून नुसता बर्नरचा आवाज ऐकूनही चालवणारा कसा आहे ते कळतं.

फुग्याचा खरा शत्रू विजेच्या तारा. २०२१ च्या जूनमध्ये याच शहरात एक फुगा तारांवर आदळून पाचही जण गेले. तारा चुकणारच नाहीत असं दिसलं, तर बर्नर लावून वरून निसटायचा मोह आवरायचा असतो. गॅस बंद, लाल दोर पूर्ण ओढायचा आणि झपकन खाली यायचं, म्हणजे तार लागलीच तर टोपलीला किंवा तिच्या पोलादी दोरांना न लागता वरच्या कापडाला लागते.

आणि बॉक्स रोज मिळत नाही, हे तिकीट काढताना कोणी ठळकपणे सांगत नाही. आभाळ भरलेलं असलं की जमीन रात्री नीट थंडावत नाही, मग खालचा थर तयारच होत नाही. ऊन चढलं की तो विरघळतो, म्हणून उशिरा निघालेल्याला परतीचा वारा गवसेलच असं नाही. अशा दिवशी मोकळं रान बघून कुठेही उतरायचं, आणि खालून पाठलाग करणारी पिकअप गाडी रस्ता शोधत येईपर्यंत उभं राहायचं. न्याहारीची वेळ ठरवून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.