राज्याचं नाव आधी वाकवून बघा

*'तीन भागांची कल्पनारम्य मालिका लिहितोय. राज्याचं आणि मालिकेचं नाव वाचकाला नीट म्हणता यावं, लक्षातही राहावं, यासाठी काय बघायचं?'*

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाव कागदावर एकटं लिहून त्याच्याकडे बघत बसू नका, कारण मराठीत नाव एकटं फार कमी वेळा येतं. तुमचा नायक राज्या'त' शिरेल, राज्या'हून' पळेल, राज्या'चा' राजा होईल. वाचक मूळ नाव शंभरदा वाचणार असेल, तर त्याची वाकलेली रूपं पाचशेदा वाचणार. म्हणून आधी सामान्यरूप बघा, नावाचा डौल नंतर.

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसलात तर याचा आख्खा तक्ता खिडकीबाहेरून जातो. ऐरोलीत, रबाळ्यात, घणसोलीत, कोपरखैरण्यात, तुर्भ्यात, सानपाड्यात, वाशीत. ईकारान्त नावाला काहीच होत नाही, नुसता 'त' लागतो. एकारान्त नाव मोडतं, पण कसं मोडेल ते आपल्याला ठाऊक असतं. पलीकडे मुंब्रा आहे. 'मुंब्र्यात' हे जोडाक्षर आपण सहज म्हणतो, कारण लहानपणापासून ऐकलंय. तुमच्या नव्या राज्याला ती सवलत मिळणार नाही.

सगळ्यात फसवी नावं शेवटी 'आ' असलेली, आणि कल्पनारम्य लिहिणाऱ्यांना नेमकी तीच आवडतात. गोवा, लंका, कॅनडा घ्या. गोव्यात, लंकेत, कॅनडात. शेवट एकच आणि वळणं तीन. राज्याचं नाव 'आ'वर संपवलंत तर वाचक पहिल्याच पानावर मनातल्या मनात एक वळण निवडतो, आणि दहाव्या पानावर तुम्ही दुसरं वापरलेलं असतं.

दुसरा खड्डा 'ऊर' आणि 'ईर' या शेवटांचा. नागपूर, पण नागपुरात. नियमाने उपान्त्य अक्षर ऱ्हस्व होतं, पण 'नागपूरला' म्हणताना दीर्घच राहतं. नागपूरचं मूळ रूप वाचकाला पाठ आहे. तुमचं 'सोमूर' त्याने आधी कधी पाहिलेलं नाही. एका पानावर 'सोमूरला' आणि पुढच्या पानावर 'सोमुरात' दिसलं की ही दोन वेगळी ठिकाणं आहेत का, अशी शंका येते. वर एखादा मुद्रितशोधक एका भागात सगळं दीर्घ करून ठेवतो आणि दुसऱ्या भागात दुसरा कुणी ते ऱ्हस्व करतो.

आता एक नाव धरून जाऊ. समजा, झऱ्यांचा प्रदेश म्हणून तुम्ही 'झरंशा' लिहिलंत. दिसायला छान आहे, पण तीन अक्षरांत तीन अडचणी. पहिली 'झ'ची. 'झाड'मधला झ म्हणायचा की 'झाशी'तला? च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आपण शब्द ओळखून करतो (चाक आणि चार म्हणून बघा), आणि नवा शब्द ओळखता येत नाही. दुसरी अडचण अनुस्वाराची. क, ट, त, प यांच्या वर्गातल्या अक्षरांआधी तो काय होतो हे ठरलेलं आहे. पण श, स, ह, य, र, ल, व यांच्याआधी कुणी 'संशय'सारखा वकार घालतो, कुणी सरळ न म्हणतो. तिसरी अडचण अर्थात शेवटचा 'आ'.

आता एकेक दुरुस्त करू. झ ठेवायचाच असेल तर त्याला इकार द्या. इ-ई पुढे असली की उच्चार एकच उरतो, तालव्य. अनुस्वारापुढे ग आणा आणि शेवट 'ई' करा. झालं 'झिरंगी'. झिरंगीत, झिरंगीला, झिरंगीहून, कुठेच अडत नाही. पण मोठ्याने म्हणा: फिरंगी! अशा यमकाने नाव लक्षात राहतं खरं, पण राजाच्या अंत्यसंस्काराच्या प्रसंगातही वाचकाला हसू येतं. ग काढून द घेतला तर 'झिरंदी'. हे बरं आहे, पण आता मोबाइलवर रोमनमध्ये शोधायला बसा. कुणी `Zirandi` लिहील, कुणी `Jhirandi`, आणि d म्हणजे द की ड हेही कळत नाही. आपल्या ठाण्याचंच बघा ना. `Thane` वाचून बाहेरचा माणूस 'थाने' म्हणतो, कारण ठ आणि ण दोन्ही त्या लिपीत हरवतात. म्हणून झ सोडा, द सोडा. 'किरंबी'. `Kirambi` असंच बहुतेक जण लिहितील. ट, ठ, ड, ळ, ण आणि झ ही अक्षरं मराठी कानाला गोड लागतात, पण राज्याच्या नावात जमेल तितकी टाळा. ती नद्यांना आणि गावांना द्या. झऱ्याचा अर्थही असाच एखाद्या नदीच्या नावात जाईल.

'किरंबी'तही एक उणीव आहे. जपानपासून जपानी होतं, पण आधीच ई असलेल्या नावापासून तसं विशेषण निघत नाही. तिथल्या भाषेला वेगळं नाव द्यावं लागेल. लोकांना 'किरंबीकर' म्हणता येईल, फक्त तलवार उपसलेला किरंबीकर जरा शेजारच्या सोसायटीतला वाटतो. मला स्वतःला ते आवडतं. नको असेल तर 'किरंबीचे लोक' म्हणा.

मालिकेच्या नावात एक शब्द नवा आणि एक घरातला असू द्या. दोन्ही नवे असतील तर दुकानात मागताना दोन्ही विसरतात. इथे एक बारीक गोष्ट आहे. घरातला शब्द नपुंसकलिंगी घेऊ नका. 'किरंबीचे मीठ' आणि 'किरंबीचं मीठ' अशी दोन लेखनं होतात. मुखपृष्ठावर एक, लोकांच्या बोलण्यात आणि शोधण्यात दुसरं. पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी एकवचन घेतलंत की 'चा' आणि 'ची' तसेच राहतात. राज्य खाडीकाठचं असेल तर 'किरंबीचा बांध' चालेल. मग भागांच्या नावांत पुन्हा किरंबी नको. 'भरती', 'उधाण', 'ओहोटी' एवढंच पुरे. ती नावं एकटी शोधून सापडणार नाहीत, म्हणून मालिकेचं नाव आणि 'भाग पहिला' मुखपृष्ठावर ठळक हवंच.

चाचणीला पाच माणसं पुरतात. लिहून दाखवू नका. फोनवर, शक्यतो गर्दीच्या फलाटावरून, एकदाच सांगा: 'मी किरंबीहून आलो.' ऐकलेलं वाक्य आणि मूळ नाव, दोन्ही लिहून पाठवायला सांगा. पाचांतल्या दोघांनी एकाच जागी चूक केली तर ते अक्षर बदला. एकट्याचीच चूक असेल तर फोनचा दोष समजा. दुसऱ्या दिवशी नाव न उच्चारता विचारा, 'त्या राज्याचं नाव काय होतं?' पहिलं अक्षर तरी आठवायला हवं. त्याच कारणाने मुख्य पात्रांपैकी कुणाचंही नाव 'कि'ने सुरू करू नका. त्या नावाचं खरं गाव आहे का, तेही नकाशात शोधून घ्या.

एवढं झालं की एका कागदावर लिहून ठेवा: किरंबी, स्त्रीलिंगी, किरंबीत, किरंबीला, किरंबीहून, किरंबीचा, किरंबीकर, ऱ्हस्व कि, दीर्घ बी. तो कागद तिन्ही भागांच्या मुद्रितशोधकाला पहिल्या प्रकरणासोबतच द्या.