ड्रिलखाली उघडलेली पोकळी

“सर, कास्टिंग, फोर्जिंग, मशीनिंग या धड्याच्या नोट्स काढल्या की तिन्हींचे दोष एकमेकांत मिसळतात. लक्षात कसं ठेवायचं?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तत्त्व, दोष आणि उत्पादनं असे तीन रकाने आखून पाठ करू नका. प्रत्येक प्रक्रियेसाठी आधी एकच गोष्ट लिहा: आकार घेताना धातू कुठल्या अवस्थेत असतो? कास्टिंगमध्ये तो वितळलेला असतो, फोर्जिंगमध्ये घन पण दाबला जाणारा, आणि मशीनिंगमध्ये तो घनच असतो, नको तेवढा कापून काढतात. दोष त्या अवस्थेतूनच येतात.

शिकवायला लागण्याआधी मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणीला होतो. तिथे ॲल्युमिनियमचं पंपाचं कव्हर यायचं. भिंत १० मिमी जाड आणि बोल्ट बसवायचा पॅड ४० मिमी. बाहेरून माल स्वच्छ दिसायचा. पॅडला ड्रिल मारलं की भोकाच्या आत पोकळी उघडायची. पहिला दोष ड्रिलवाल्याच्या माथी आला. पण ड्रिल पोकळी तयार करत नाही, आत असलेली दाखवतं.

मग दोष गॅसचा आहे असं आम्ही धरून चाललो. वितळलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यातून हायड्रोजन शोषतं आणि गोठताना तो बाहेर टाकतं, त्यातून ब्लोहोल होतात. म्हणून वाळू जास्त वाळवली, धातूतून गॅस काढला. पोकळी तशीच! शेवटी एक जॉब करवतीने मधोमध कापून भिंगाखाली धरला. गॅसची पोकळी गोल आणि आतून गुळगुळीत असते, जागाही बदलत राहते. ही वेडीवाकडी होती, आतून खडबडीत, झाडाच्या फांद्यांसारखे बारीक स्फटिक दिसणारी. आणि प्रत्येक जॉबमध्ये नेमकी त्याच जागी. म्हणजे ही आकसण्याची पोकळी, श्रिंकेज.

कारण जाडीत होतं. ॲल्युमिनियम गोठताना आकारमानाने साधारण ६ ते ७ टक्के आकसतं, आणि ती तूट भरायला अजून पातळ असलेला धातू लागतो. गोठायला लागणारा वेळ आकारमान आणि पृष्ठभाग यांच्या गुणोत्तराच्या वर्गाप्रमाणे वाढतो:

```
t = B × (V/A)²
```

यात B हा धातू आणि साच्यावर ठरणारा स्थिरांक. सपाट भागासाठी हे गुणोत्तर जाडीच्या निम्मं धरता येतं. भिंतीचं ५, पॅडचं २०. चौपट जाडी, म्हणून वेळ साधारण सोळापट. भिंत आधी गोठून वाट बंद करते आणि पॅडच्या पोटातला धातू आकसत असताना त्याला भरपाई मिळत नाही. पॅडच्या डोक्यावर रायझर दिला, म्हणजे पॅडपेक्षाही उशिरा गोठणारा धातूचा साठा. पुढचा नमुना कापला तर पोकळी रायझरमध्ये सरकली होती, आणि रायझर तर कापूनच टाकायचा असतो. तेव्हापासून ‘दोष कुठे दिसला’ आणि ‘दोष कुठे झाला’ या दोन वेगळ्या ओळी मी वर्गात लिहून घेतो. तुम्हीही लिहा.

फोर्जिंगमध्ये धातू वितळतच नाही, त्यामुळे असली पोकळी तिथे तयार होत नाही. तिथे तापलेलं पोलाद डायमध्ये वाहतं आणि वाहताना स्वतःवरच दुमडलं तर लॅप राहतो. वर ऑक्साइडच्या खवल्याचा थर असल्याने ती घडी जुळत नाही. दिसते केसासारखी रेघ, पण ती खरी चीर असते आणि पुढे तिथूनच तुटतं. म्हणून लोहचुंबकीय कण टाकून तपासतात, कण रेघेवर गोळा होतात. डायचा कोपरा भरला नाही तर अपूर्ण भराव, तोही वाहण्याचाच दोष.

मशीनिंगमध्ये टूल आणि जॉब थरथरले की पृष्ठभागावर लाटा उठतात, त्याला चॅटर म्हणतात. बोअरिंग बार दुप्पट बाहेर काढला तर तेवढ्याच जोरात तो आठपट वाकतो, म्हणून बार शक्य तितका आखूड धरा. बाकी टूलला चिकटणारा धातू आणि कडेची बर, एवढं पुस्तकात नीट दिलेलं आहे.

उत्पादनांच्या नावापुढे कारण लिहा. पंपाच्या आत पाण्याचे वळणदार मार्ग असतात, ते कापून काढणं अवघड, म्हणून ओततात. कनेक्टिंग रॉडवर क्षणाक्षणाला ताण उलटतो आणि फोर्जिंगमध्ये धातूचे तंतू आकाराबरोबर वळतात, म्हणून तो बहुधा ठोकून करतात. आणि दोघांचंही बोअर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक हवं असतं, ते ओतून किंवा ठोकून सहसा मिळत नाही. म्हणून दोघंही शेवटी मशीनवर येतात आणि आतला दोष बहुतेक वेळा तिथेच उघडा पडतो.